झाकण कुणी काढलं, हे पत्रात नाही

यावल म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी आठवते. पण दिवाळीच्या सुमाराला इथे कापूसही घरात यायला लागतो आणि जिनिंगचे रेचे सुरू होतात. ते उन्हाळा लागेपर्यंत चालतात. अशाच एका जिनिंग-प्रेसिंगची कचेरी मी सांभाळतो. हजेरी, पगार, बँक, वीज कंपनी, विमा असा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा. २०२१ च्या हंगामात एका कामगाराच्या घरी पत्र लिहायची वेळ आली. त्या पत्रात काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, ते इथे सांगतो. ही वेळ आणखी कुणावर तरी येणारच आहे, आणि तेव्हा त्याच्या हाताशी काही असावं.

आधी अपघात. रेच्यात कापूस पडला की रुई एकीकडे निघते आणि सरकी खाली पडते. रेच्यांच्या ओळीखालून एक लांब पन्हळ जाते. तिच्यात मळसूत्राच्या पात्याचा लोखंडी दांडा फिरत असतो आणि तो सरकी पुढे ढकलत नेतो. आम्ही त्याला कन्व्हेयरच म्हणतो. पन्हळीवर पत्र्याची झाकणं असतात, नटबोल्टनं आवळलेली. कापूस ओलसर आला की सरकीला रुई चिकटून राहते, तिचे गोळे होतात आणि पन्हळ तुंबते. ती तुंबली की वरचे सगळे रेचे अडतात. अशा वेळी मेन स्विच पाडायचा, फिटर येईपर्यंत थांबायचं आणि मगच झाकण खोलायचं, असा नियम आहे. पातं आणि पन्हळ यांच्यात बोटभरही जागा नसते. फिरत्या पात्यात हात गेला तर तो सुटत नाही, आत ओढला जातो.

सकाळी सव्वानऊला एका पंचवीस वर्षांच्या मुलाचा उजवा हात असा आत गेला. तो सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा समाजाचा. आमच्याकडचा दुसरा हंगाम होता त्याचा. स्विच पाडून, पन्हळीचा पत्रा कापून त्याला सोडवलं. यावलच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त थांबवून पट्टी बांधली आणि तिथून भुसावळमार्गे जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. दुपारी त्याला ऑपरेशनला घेतलं.

त्याच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे फक्त मुकादमाचा नंबर होता. मुकादमाने त्याच दिवशी जीप पाठवून वडिलांना आणि थोरल्या भावाला जळगावला आणलं. हे योग्यच झालं. अशी बातमी पहिल्यांदा माणसानेच न्यायची असते, कागदाने नाही. पण आई, बायको आणि दोन लहान मुलं पाड्यावरच राहिली. तिसऱ्या दिवशी त्या बाजूचा एक कामगार सांगत आला की पाड्यावर दोन बातम्या फिरताहेत. एक, पोरगा गेला, शेठ सांगत नाही. दुसरी, काही नाही झालं, दोन बोटं कापली गेली. शेठ मला म्हणाले, "भाऊ, त्यांना लिहून पाठवा. सही मी करतो."

पत्र लिहायचं ठरलं तसा सल्ला द्यायला सगळे आले. विम्याचा माणूस फोनवर म्हणाला, लेखी काहीच देऊ नका, उद्या तेच कोर्टात दाखवतील. मुकादम म्हणाला, माणूस माझा आहे, मी बघून घेतो, तुम्ही मध्ये पडू नका. आमच्या फिटरने सांगितलं, सरळ लिहा, त्यानेच झाकण काढलं आणि हात घातला. हे तिघेही वाईट माणसं नाहीत. पण तिघांचंही ऐकलं असतं तर त्या घरात चुकीची गोष्ट गेली असती.

मुकादमाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. त्या वेळी आमच्यावर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता. कापसाचं जिनिंग हा हंगामी कारखाना धरला जातो, त्यामुळे राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, आमच्या कामगारांना नसते. जे काही मिळायचं ते या कायद्याने. आणि त्याचं बारावं कलम सांगत होतं की ठेकेदारामार्फत आणलेला माणूस तुमच्याच धंद्याच्या कामावर असेल तर भरपाई मूळ मालकाने द्यायची. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. म्हणून पत्र कारखान्याच्याच नावाने गेलं पाहिजे होतं, आणि तसंच गेलं.

फिटरचं वाक्य मात्र फार जड होतं. झाकण कुणी काढलं याच्या तीन हकिकती माझ्यापुढे होत्या. फिटर म्हणत होता, त्या मुलानेच काढलं. रेच्यावर कापूस लोटणारा पोरगा म्हणत होता, आठ वाजता पाळी बदलली तेव्हापासून झाकण उघडंच होतं. तिसरा म्हणत होता, कुणीतरी वरून ओरडलं, "मोकळं कर पटकन." फिटर त्या वेळी प्रेसकडे होता, म्हणजे त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. कापूस लोटणाऱ्याची पाठ पन्हळीकडे होती. आणि ज्याला खरं माहीत, तो शुद्धीवर येऊन पाणी मागत होता. त्याला हे विचारायची ती वेळ नव्हती.

यात नुसता मायेचा प्रश्न नव्हता. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मालकाला काही सुटका ठेवल्या होत्या. कामगार दारूच्या अंमलाखाली असेल, किंवा सुरक्षेसाठी दिलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षणासाठी बसवलेली वस्तू जाणूनबुजून काढली असेल आणि अपघात थेट त्यानेच झाला असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सुटका मिळत नाही. पण एक हात जाणं हे कायद्याच्या हिशेबात अंशतः अपंगत्व. म्हणजे ही सुटका लागू पडू शकणारं नेमकं हेच प्रकरण. "त्याने झाकण काढलं" हे तीन शब्द सहानुभूतीच्या पत्रात घातले असते, तर उद्या त्याच पत्रावर बोट ठेवून त्याची भरपाई अडवता आली असती. घरच्यांना तर वाचताना कळलंही नसतं की इथे काय लिहून गेलं.

याच्या उलट, "कारखान्याची चूक झाली" असंही लिहिलं नाही. ते विम्याच्या माणसाच्या धाकाने नव्हे. तिसऱ्या दिवशी तेही ठरलेलं नव्हतं. कारखाने निरीक्षकांना अपघात कळवला होता, त्यांची पाहणी व्हायची होती. ज्याची चौकशी चालू आहे त्याचा निकाल पत्रात द्यायचा नाही, ना इकडचा ना तिकडचा. पण विम्याचा माणूस म्हणत होता तसं गप्प बसायचंही नाही. काय झालं, कधी झालं, तो कुठे आहे, खर्च कोण करतंय, हे सांगितल्याने कोणताही दावा बुडत नाही.

डॉक्टरांचं ऐकून घ्यायला मी स्वतः गेलो. वॉर्डबॉय एक सांगतो, नर्स दुसरं, नातेवाईक तिसरं. मी डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले. जिवाला धोका आहे का? हाताचं काय? आणि पुढचं कधी कळेल? ते म्हणाले, रक्तदाब आता स्थिर आहे, शुद्धीवर आहे, जिवाचा धोका आज दिसत नाही. पण जखम मळलेली आहे, जंतुसंसर्गाची भीती आहे. तुटलेला भाग चिरडला गेलाय, तो परत जोडता येणार नाही. अंगठा आणि चार बोटं गेली आहेत. तळहात आणि मनगट राहील का, हे आत्ता सांगता येत नाही. चिरडलेल्या मांसात कोणतं जगतं आणि कोणतं मरतं हे कळायला दोनएक दिवस लागतात. परवा पुन्हा थिएटरमध्ये घेऊन बघू. मी हे तिथेच लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं की हे असंच घरी कळवू का. त्यांनी एक शब्द बदलायला लावला. मी "धोका नाही" लिहिलं होतं, त्यांनी "आज धोका दिसत नाही" करायला सांगितलं.

पत्र वाचणार कोण, हेही विचारून घेतलं. त्या घरी पावरी बोलतात. मराठी वाचता येणारा एकच, आश्रमशाळेत दहावीला असलेला पुतण्या. तो वाचणार आणि आजीला, काकूला पावरीत सांगणार. म्हणजे एकेक वाक्य एका दमात सांगता येईल एवढंच हवं. आणि पहिली ओळ अशी हवी की ती ऐकून पुढचं ऐकायला माणूस जागेवर बसून राहील. शेठच्या लेटरहेडवर हाताने लिहिलेलं ते पत्र असं होतं. नावं तेवढी गाळतो.

"आई आणि वहिनी यांना नमस्कार.

तुमचा मुलगा जिवंत आहे. तो शुद्धीवर आहे आणि बोलतो आहे. त्याचे वडील आणि मोठा भाऊ त्याच्याजवळ आहेत.

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कारखान्यात त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. त्याला लगेच यावलला आणि तिथून जळगावला नेलं. दुपारी ऑपरेशन झालं.

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि चारही बोटं गेली आहेत. ती परत जोडता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. बाकीचा हात किती राहील हे डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. शुक्रवारी पुन्हा ऑपरेशन आहे, त्यानंतर कळेल. डाव्या हाताला, डोक्याला, पायांना काही झालेलं नाही. आज जिवाला धोका दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं आम्ही बुधवारी दुपारी डॉक्टरांकडून स्वतः ऐकलं आहे.

अपघात कसा झाला याची चौकशी सरकारी निरीक्षक करणार आहेत. ती पूर्ण होईपर्यंत त्याची चूक होती किंवा कुणाची चूक होती असं आम्ही म्हणत नाही. दुसरं कुणी तसं सांगितलं तर ते आमचं म्हणणं नाही.

दवाखान्याचा आणि औषधांचा सगळा खर्च कारखाना करतो आहे. हा खर्च नंतर त्याच्या भरपाईतून कापला जाणार नाही. तो बरा होईपर्यंत त्याचा पगार दर पंधरा दिवसांनी चालू राहील. या वेळचे सहा हजार रुपये हे पत्र आणणाऱ्याजवळ दिले आहेत. ते मोजून घ्या. त्याने घेतलेली उचल आम्ही मागणार नाही.

कायद्याने त्याला भरपाई मिळण्याचा हक्क सांगता येतो. रक्कम किती ते हाताचं शेवटी काय होतं यावर ठरेल, म्हणून आज आकडा लिहीत नाही. कुणीही कोऱ्या कागदावर किंवा पैसे मिळाले म्हणून तडजोडीच्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला तर देऊ नका. आमच्याकडून आलो असं सांगितलं तरी देऊ नका.

तुम्हा दोघींना जळगावला यायचं असेल तर जीप पत्रासोबत आली आहे, त्याच जीपने या. राहण्याजेवणाची सोय केली आहे. मुलांना कुणाजवळ ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

शनिवारी आमचा माणूस पुन्हा येईल. नवीन काही कळलं नाही तरी येईल."

खाली शेठची सही आणि माझा, शेठचा, दवाखान्याचा असे नंबर.

यातल्या पैशांच्या ओळींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. कायद्याने बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा द्यायचा असतो. त्याचा पगार बारा हजार, म्हणजे तीन हजार. शेठने सहा द्यायचं ठरवलं आणि वरचे तीन मदत म्हणून, भरपाईत न धरता. दवाखान्याचा खर्च मालकाने देणं हे २००९ च्या दुरुस्तीपासून बंधनच होतं. उपचाराचा पैसा भरपाईत मोजायचा नाही, हेही कायद्यात स्पष्ट होतं. पण हे घरच्यांना कोण सांगतो? ते समजतात की दवाखान्यात लाखो गेले, आता आपल्याला काय उरलं. आणि म्हणून कुणी पन्नास हजार हातावर ठेवले की अंगठा देऊन मोकळे होतात. खरं तर हक्क सोडून दिल्याचा असा कोणताही करार सतराव्या कलमाने बाद ठरत होता. पण अंगठा दिला की माणूस पुढे दाद मागायलाच जात नाही. म्हणून ती ओळ पत्रात हवीच होती.

उचलीची ओळ वाचून आमच्या कॅशियरने मान हलवली. त्या मुलाकडे वीस हजार निघत होते. हंगामाच्या सुरुवातीला मुकादमामार्फत घेतलेले, बहुतेक लग्नाच्या देण्यासाठी. कायद्याचं नववं कलम म्हणत होतं की भरपाईच्या रकमेतून दुसरं कोणतंही देणं वळतं करता येत नाही. पण पाड्यावर कायदा कुणाला माहीत? त्या घरात हाताच्या खालोखाल भीती उचलीचीच असणार, हे मला माहीत होतं. जो हात चालवून ती फिटणार होती तोच गेला. शेठला मी एवढंच म्हटलं. त्यांनी ओळ तशीच ठेवली.

भरपाईचा आकडा मात्र मी मुद्दाम गाळला. वेगळ्या कागदावर हिशेब मांडलेला होता. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे साठ टक्के गुणिले वयाचा गुणक. पंचविसाव्या वर्षी तो २१६.९१. बारा हजारांचे साठ टक्के सात हजार दोनशे, म्हणजे १५ लाख ६१ हजार ७५२ रुपये. त्यातून किती टक्के कमाईची ताकद गेली तेवढा हिस्सा. अंगठा आणि चारही बोटं गेली, किंवा मनगटापाशी हात गेला, तरी परिशिष्टात साठ टक्के आहेत. त्याचे होतात ९ लाख ३७ हजार ५१. पण कापायची रेघ कोपराच्या टोकापासून साडेचार इंचांच्या आत सरकली तर सत्तर टक्के, म्हणजे १० लाख ९३ हजारांच्या वर. तिसऱ्या दिवशी ती रेघ कुठे येणार हे सर्जनलाही माहीत नव्हतं. नऊ लाख लिहिले असते तर त्या आईला वाटलं असतं, यांनी पोराच्या हाताचा भाव आधीच काढून ठेवला. आणि पुढे आकडा बदलला असता तर आमच्या बाकीच्या ओळींवरही तिचा विश्वास राहिला नसता.

पत्र घेऊन जायला त्याच पाड्याच्या बाजूचा, त्याच्याबरोबर काम करणारा कामगार निवडला. त्याला आधी ते पूर्ण वाचून दाखवलं. विचारतील त्याला तुला माहीत असेल तेवढंच उत्तर दे, बाकीचं "शनिवारी कळेल" म्हण, असं सांगितलं. नंतर त्याने सांगितलं की पुतण्याने पत्र वाचलं, मग आजीने पहिली ओळ परत वाचायला लावली. आई जीपमध्ये बसली. बायको आली नाही. धाकटं मूल अंगावर पीत होतं.

शुक्रवारच्या ऑपरेशनमध्ये हात मनगटाच्या वर, कोपरापासून बऱ्याच अंतरावर कापावा लागला. शनिवारी दुसरं पत्र गेलं. ते चार ओळींचं होतं आणि त्याचीही पहिली ओळ तो कसा आहे हीच होती. हात काढावा लागला हे दुसऱ्या ओळीत, आडपडदा न ठेवता. "दुर्दैवाने", "नाइलाजाने" असले शब्द मी काढून टाकले. पुतण्याला त्यांचं पावरी करता आलं नसतं आणि त्यांनी बातमी हलकीही होत नव्हती.

निरीक्षकांच्या पाहणीत निघालं ते असं. त्या झाकणाचे चारपैकी दोन बोल्ट बऱ्याच दिवसांपासून नव्हते. ते झाकण हाताने सरकवता येत होतं. झाकण उघडलं की कन्व्हेयर आपोआप बंद पडेल अशी जोडणी त्याला नव्हती. त्या सकाळी ते कुणी सरकवलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि मग ते ठरवायची गरजही राहिली नाही. दोन बोल्टांनी लटकणाऱ्या झाकणाला संरक्षण म्हणता येत नाही, तर ते कुणी जाणूनबुजून काढलं असं कसं म्हणणार? विमा कंपनीने साठ टक्क्यांचा हिशेब मान्य केला, करार आयुक्तांकडे नोंदवला आणि रक्कम त्यांच्यामार्फतच त्याच्या खात्यात गेली. तो कायदा अपघातानंतर एक महिन्याची मुदत देत होता. त्यापुढे बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. आम्हाला व्याज पडलं, ते शेठने भरलं. झाकणांना आता स्विच बसवले आहेत.

पंचक्रोशीतल्या जिनिंगवाल्यांना आणि केळीच्या पॅकिंग हाउसवाल्यांना माझं एक सांगणं आहे. २०१७ पासून त्या जुन्या कायद्यातच कलम १७-अ होतं. त्यानुसार कामावर घेतानाच माणसाला त्याचा भरपाईचा हक्क लेखी सांगायचा, आणि तोही इंग्रजी, हिंदी किंवा कामाच्या भागाची राजभाषा यांपैकी त्याला समजेल त्या भाषेत. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी आपल्यापैकी किती जण तो कागद देतात? तो द्या. आणि त्याच दिवशी हजेरीपत्रकात मुकादमाच्या नंबरापुढे आणखी तीन रकाने ओढून घ्या: घरचं माणूस कोण, तिथवर पोचायचं कसं, आणि त्या घरात वाचता कुणाला येतं.